आजीचं भात आणि पुस्तकातलं सत्तावन्न साल

नववीतल्या एका मुलीच्या इतिहास प्रकल्पावर तपासणाऱ्यांनी तांबड्या शाईत शेरा मारला होता, 'पाठ्यपुस्तकाशी विसंगत. आजीकडून नीट माहिती घ्यावी.' वीसपैकी आठ गुण. वही घेऊन ती माझ्याकडे आली. रडत नव्हती, चिडलेली होती. म्हणाली, "सर, आजीकडून मी नीटच माहिती घेतली होती. म्हणून तर जुळत नाहीये."

देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातली ही मुलगी. प्रकल्पाचा विषय होता 'स्वातंत्र्यानंतरच्या जमीन सुधारणा आणि माझे गाव'. आपण वर्गात शिकवतो ते सगळ्यांना पाठ असतं. कसेल त्याची जमीन हे तत्त्व आलं, कूळ कायदा झाला, १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. मुलीने हे पहिल्या पानावर लिहिलं आणि दुसऱ्या पानावर आजीचं म्हणणं लिहिलं. सत्तावन्न साली आम्ही मालक झालो नाही, त्यानंतर कितीतरी वर्षं खोताच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, घरी भात घालत होतो, आणि भातशेताचा एक कुणगा तर कधीच आमचा झाला नाही. दोन्ही पानं समोरासमोर ठेवून ती थांबली होती, कारण पुढे काय करायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

हा दोष त्या मुलीचा नाही, आजीचा तर नाहीच. प्रकल्प द्यायचा, 'घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत घ्या' असं सांगायचं, आणि मुलाखतीत पुस्तकापेक्षा वेगळं काही निघालं की गुण कापायचे, ही आपली पद्धत चुकीची आहे. मला वाटतं, गुण द्यायची खरी जागा त्या विसंगतीतच असते. फक्त तिच्याशी शेवटपर्यंत झगडावं लागतं. आम्ही पुढचे चार महिने ते केलं. त्यात आजी काही ठिकाणी बरोबर निघाली, एका ठिकाणी तिचा आठवणीचा कालखंडच वेगळा निघाला, आणि एका ठिकाणी कागद आणि आजी अजून आमनेसामने उभे आहेत.

सुरुवात प्रश्नांपासून केली. मुलीचा पहिला प्रश्न होता, "आजी, कूळ कायद्याने तुम्हाला जमीन मिळाली का?" त्यावर आजीचं उत्तर होतं, "गावली मगे. सरकारान दिल्यान." म्हणजे पुस्तकातलंच उत्तर. प्रश्नातच उत्तर घालून दिलं की माणूस तेच परत देतो. शिवाय नातीच्या शाळेचं काम, तिला हवं ते सांगावं ही माया असतेच. दुसऱ्या वेळी कायद्याचं नावही न काढता विचारलं, "भात झोडून झालं की कुठे नेत होता?" तेव्हा आजी बोलायला लागली. "पयलो वाटो खोताचो. डोक्यार घेवन जावचा लागायचा. खळ्यात माप घाली, मगे आमचा उरला तां आमचा." किती, कुठल्या वाटेने, कुणाच्या डोक्यावर, माप कोण घालायचं, हे सगळं तिला स्वच्छ आठवत होतं.

मग तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हे तू स्वतः बघितलंस की ऐकलंस? आजीने लगेच सांगितलं, "सत्तावन साल माका काय ठावक? मी तेवा म्हायेराक शेरडां राखी होतंय." या एका वाक्याने अर्धा गुंता सुटला. आजी १९५७ची साक्षीदार नव्हतीच. ती या घरात लग्न होऊन आली ती नंतर. केव्हा? साल तिला सांगता येत नव्हतं, पण "लग्न झाल्याच्या दुसऱ्या वर्षाक थंडीत पहाटे मोठो भूकंप झालो, भांडी मांडणीवरसून पडली" हे तिला आठवत होतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झाला. म्हणजे लग्न १९६६च्या सुमाराचं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नये. भूकंप आधी की नंतर, मोठा मुलगा तेव्हा रांगत होता की चालत होता, असं विचारावं. त्या उत्तरांवर साल बांधता येतं, आणि ते बऱ्यापैकी पक्कं असतं.

म्हणजे पुस्तक १९५७च्या एका दिवसाबद्दल बोलत होतं आणि आजी १९६६ नंतरच्या सुगीबद्दल. एवढ्यावरच मुलीला लिहिता आलं असतं की दोघांचा विषय वेगळा आहे, विसंगती नाही. पण तसं ते संपत नाही. १९५७ साली कुळं मालक झाली असतील, तर १९६६ नंतर नवी सून भाताचा भारा डोक्यावर घेऊन खोताच्या खळ्यात का जात होती?

इथे कायद्यात शिरावं लागतं, आणि आपलं पाठ्यपुस्तक नेमकं तिथेच दार लावून घेतं. मूळ मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८चा. त्याला १९५६ साली मोठी दुरुस्ती झाली आणि कलम ३२ प्रमाणे १ एप्रिल १९५७ रोजी कुळाने जमीन 'खरेदी केल्याचं मानण्यात येईल' असं ठरलं. शब्द नीट पाहा, 'मानण्यात येईल'. त्या दिवशी कुणाच्या हातात कागद पडला नाही. पुढे शेतजमीन न्यायाधिकरणाने जागेवरच्या कुळांना नोटिसा काढायच्या, प्रत्येकाला बोलावून विचारायचं की तू खरेदीला तयार आहेस का, जबाब नोंदवायचा, किंमत ठरवायची. ही कलम ३२-गची चौकशी. किंमत साध्या कुळासाठी शेतसाऱ्याच्या आकाराच्या वीस ते दोनशे पट यांच्या मध्ये, शिवाय जमीनमालकाने लावलेल्या झाडांची आणि बांधबंदिस्तीची वेगळी. एकदम भरायची नाहीतर हप्त्याने. सगळे पैसे भरले की ३२-मचा दाखला. आमच्याकडे अजून लोक 'बत्तीस गची केस' आणि 'बत्तीस मचा दाखला' असंच बोलतात. त्या दोन अक्षरांच्या मध्ये पंधरा-वीस वर्षं सहज जात असत.

आणि या रस्त्याला फाटे होते. कुळाने 'मला घ्यायची नाही' असा जबाब दिला, किंवा बोलावूनही तो हजर राहिला नाही, तर खरेदी निष्प्रभ ठरायची. जमीनमालक अल्पवयीन असेल, विधवा असेल, अपंग असेल, तर कलम ३२-फ लागू होऊन खरेदीच पुढे ढकलली जायची. आणखी एक गोष्ट, जी वर्गात कधी सांगितली जात नाही. हा कायदा कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राचा. मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या वेगळ्या कायद्याखाली होता, विदर्भाचा वेगळा कायदा १९५८ साली झाला. सगळ्या महाराष्ट्राच्या मुलांना एकच तारीख पाठ करायला लावणं हे मुळातच फसवं आहे.

आता त्या घराच्या कागदांकडे येतो. आजीला सर्व्हे नंबर माहीत नव्हते आणि सातबाऱ्याला आजीच्या कुणग्यांची नावं माहीत नव्हती. तिची तीन शेतं होती, 'मळ्यातला', 'खाजणातला' आणि 'वडाखालचा'. आम्ही एका रविवारी गावनकाशाची प्रत घेऊन तिच्याबरोबर फिरलो. गुडघे दुखत होते तरी ती बांधावरून आमच्या पुढे चालत होती. प्रत्येक मेरेवर थांबून कुणाची हद्द, पाणी कुठून कुठे सोडायचं, कुठला बांध भरतीला फुटायचा, हे सांगत होती. पोरगी नकाशावर पेन्सिलने लिहीत होती. दुपारपर्यंत तीन कुणग्यांना तीन हिस्सा नंबर मिळाले. हे काम केलं नसतं तर पुढचं सगळं वाऱ्यावर गेलं असतं, कारण घरात ठेवलेला जुना सातबारा भलत्याच कुणग्याचा आहे हे तिथे कळलं.

सातबाऱ्यावर नावांपाशी बारीक आकडे वर्तुळात लिहिलेले असतात. ते फेरफारांचे क्रमांक. ज्या नावाला कंस पडलेला असतो ते कमी झालेलं. हे आकडे धरून मागे मागे गेलं की गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंद, मिळते, आणि त्या नोंदीत का झालं ते लिहिलेलं असतं. मुलीच्या वडिलांनी तहसील कचेरीत अर्ज करून जुने सातबारे आणि फेरफारांच्या नकला काढल्या. दोन महिने गेले. एका नोंदीचं पान अर्धं कसरीने खाल्लेलं होतं. जुन्या सातबाऱ्यात 'बारा'च्या बाजूला पीकपाहणीत रीत नावाचा रकाना असतो, त्यावरून जमीन मालक स्वतः कसत होता की दुसरा कुणी, हे वर्षवार कळतं. सत्तावन्न सालापासूनची ती पानं मुलीने एकेक करून वहीत उतरवली.

खाजणातल्या कुणग्याचं कोडं तिथेच सुटलं. फेरफारात सरळ लिहिलं होतं की जमीनमालक विधवा असल्याने कलम ३२-फ प्रमाणे खरेदी लांबणीवर. म्हणजे १ एप्रिल १९५७ या शेताला लागलाच नव्हता. त्या दिवशी कायद्याच्या नजरेतही ही माणसं कुळंच राहिली, आणि खंड देणं त्यांना भागच होतं. नियम असा होता की विधवेचा हक्क संपल्यावर तिच्या वारसाला स्वतः कसण्यासाठी जमीन मागायला एक वर्ष, ते संपल्यावर कुळाला खरेदीसाठी एक वर्ष. आणि कुळाने आपणहून मुदतीत कळवायचं. ज्याने कळवलं नाही त्याचा हक्क गेला. कुणाला माहीत होतं हे? कोकणात कितीतरी कुळांच्या जमिनी या एका कळवण्यापायी गेल्या. १९६९ साली दुरुस्ती करून मालकावरही कळवण्याची जबाबदारी टाकली, मुदत हुकलेल्या काही कुळांना पुन्हा संधी दिली, तेव्हा थोडं बरं झालं.

आम्ही आजीला विचारलं, त्या विधवा खोतीणबाई आठवतात का? "आठवतत म्हंजे! खोतीणबाय गेली त्या पावसात माझो मोठो झील रांगत होतो. तेच्यानंतर ह्यांनी कचेरीत फेरे मारले." मोठा मुलगा १९७०चा. फेरफारात त्या बाईंच्या मृत्यूची वारसनोंद १९७१ची आहे, ३२-गची किंमत १९७३ साली ठरली, आणि ३२-मचा दाखला १९७८चा. शेताच्या साऱ्याचा आकार पावणेतीन रुपये, म्हणजे किंमत पंचावन्न ते साडेपाचशे रुपयांच्या मध्ये कुठेही ठरू शकत होती. ठरली दोनशे वीस. आजीला एकूण रक्कम आठवत नव्हती, पण "वर्साक पन्नासेक रुपये भरूचे लागत, त्या साठी कोंबडे विकले" हे आठवत होतं. ते पत्र्याच्या डब्यातल्या चार पावत्यांशी जुळलं. इथे आजी पूर्ण बरोबर, आणि पुस्तकातलं वाक्य या शेतापुरतं चूक.

मळ्यातल्या कुणग्याची गोष्ट उलटी आहे, आणि माझ्या मते जास्त शिकवणारी. त्याचा मालक खोतांच्या घरातला कर्ता पुरुष. तिथे १९५७ लागू झाला, किंमत १९६३ साली ठरली, नाव लागलं. कागदाप्रमाणे आजीचं लग्न झालं तेव्हा सासरे त्या शेताचे मालक होते. पण आजी ठामपणे सांगते की मळ्यातलं भातही खोताकडे जात होतं, भूकंपानंतर तीन-चार वर्षं तरी. तपासणाऱ्यांनी हे वाचलं असतं तर म्हणाले असते, म्हातारीचा गोंधळ झालाय, खाजणातलं आणि मळ्यातलं ती एकत्र करतेय. ही शक्यता होतीच. म्हणून महिन्याभराने मुलीने पुन्हा विचारलं, यावेळी नुसत्या मळ्यातल्या भाताबद्दल. आजीने तीच वाट सांगितली, तेच माप सांगितलं. आणि शेजारच्या घरातल्या एका वृद्ध गृहस्थांना स्वतंत्रपणे विचारलं तर त्यांनीही, त्यांच्या स्वतःच्या नावावर झालेल्या शेताबद्दल, हेच सांगितलं.

का घालत होता मग? आजी क्षणभर गप्प राहिली. "घर तेंच्या जाग्यात. भात नाय घातला आणि उठा म्हणाले तर खय जातलो?" शेत नावावर झालं, पण घराखालची जागा खोताची. कायद्यात कुळाला राहत्या घरातून काढायला मनाई होती, पण ती मनाई वापरायला कचेरीत जाणारा माणूस लागतो, आणि संध्याकाळी परत त्याच वाडीत यावं लागतं. शिवाय अडीअडचणीला उसने दाणे तिथूनच मिळायचे. ही गोष्ट कुठल्याही फेरफारात सापडणार नाही. सातबारा तुम्हाला मालक कोण ते सांगेल, भात कुठल्या वाटेने गेलं ते सांगणार नाही. ते फक्त आजीला ठाऊक आहे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, त्याआधीपासूनच अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं शेतं ओस ठेवून संप चालवला होता, १९४९च्या कायद्याने खोती संपली. एवढं सगळं झाल्यावरही एक मालक झालेलं कूळ घराच्या जागेच्या धाकाने वाटा घालत राहतं, ही माहिती इतिहासाची नाही तर कशाची?

मला ठाऊक आहे, याला आक्षेप काय घेतला जातो. आठवण बदलत जाते, घराण्याची जुनी भांडणं तिच्यात मिसळतात, मुलं तीच पुढे नेतात. हे खोटं नाही. खोतांच्या घरातही एक आजोबा आहेत. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, "आमच्या जमिनी कुळात गेल्या." आजीच्या घरात म्हणतात, "आमच्या नावावर झाल्या." एकच घटना, दोन क्रियापदं. आजोबांची आठवण अशी की कुळं भात प्रेमाने आणून देत होती, सणाला, मान म्हणून. तेही आम्ही लिहून घेतलं. त्यांच्या दृष्टीने ते तसंच असेल. माप घालणाऱ्याला तो मान वाटतो आणि डोक्यावर भार घेणाऱ्याला ती सक्ती वाटते. पण माप ठरलेलं होतं का, एखाद्या वर्षी न आणल्यास काय झालं, हे विचारल्यावर आजोबाही अडखळले. लहान गावात अशा गोष्टी लिहिताना जपावं लागतं, म्हणून प्रकल्पात एकाही घराचं नाव आम्ही येऊ दिलं नाही आणि आजोबांना त्यांचं पान आधी वाचून दाखवलं. त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला, तो बदलला.

पण आठवण चुकते म्हणून ती टाकून द्यायची, हा उपाय नाही. कागदही चुकतो, कागदही कुणीतरी कुठल्यातरी दबावाखाली लिहिलेला असतो. आपण पाचवी-सहावीपासून मुलांना भौतिक, लिखित आणि मौखिक साधनं शिकवतो. मौखिक म्हटलं की ओव्या, पोवाडे, लोककथा. त्या ओव्या म्हणणारी बाई समोर बसलेली असताना तिच्या सुगीचा हिशेब मात्र साधन धरायचा नाही, हे मला पटत नाही. त्याच वेळी, 'लोकांची आठवण हाच खरा इतिहास, पुस्तकं सगळी खोटी' असं म्हणणारेही आता पुष्कळ आहेत, त्यांच्याशीही माझं जमत नाही. पुस्तकातलं वाक्य खोटं नाही. ते कायद्याच्या कलमाचं वाक्य आहे आणि आपण ते घडलेल्या गोष्टीचं म्हणून शिकवतो. १ एप्रिल १९५७ला कुळं कायद्याने खरेदीदार मानली गेली, प्रत्यक्ष नावावर होणं पुढची कित्येक वर्षं चाललं, काहींचं झालंच नाही, एवढी दोन अर्धी वाक्यं जोडली तरी आजी आणि पुस्तक एका पानावर बसतात. माझी पहिली मागणी ही आहे. दुसरी मागणी गुणपत्रकाची. प्रकल्पाच्या वीस गुणांत पाच गुण 'साक्षीदाराने काय पाहिलं आणि काय ऐकलं हे वेगळं केलं आहे का' यासाठी असावेत, आणि पाच 'पुस्तकाशी न जुळणारं विधान दुसऱ्या एखाद्या पुराव्याशी लावून पाहिलं आहे का' यासाठी. नकाशा रंगवला का, कव्हर घातलं का, याला आज जे गुण जातात ते तिकडे वळवले तरी पुरेल. आणि मुलाने 'हे मला ठरवता आलं नाही' असं कारणासह लिहिलं, तर त्याचे गुण कापू नयेत.

हे शेवटचं मी वडाखालच्या कुणग्यामुळे लिहितो आहे.

तो कुणगा आजीच्या घराकडे आला नाही. आज तिथे दुसऱ्यांची हापूसची कलमं आहेत. आजीचं म्हणणं, तो फसवून काढून घेतला. कसा, ते तिला माहीत नाही, कारण ती तेव्हा या घरात नव्हती. सासूने सांगितलेलं ती सांगते. म्हणजे ही ऐकीव आठवण, आणि मी मुलीला तसंच लिहायला लावलं. फेरफार काढला तर त्यात १९६२ सालच्या ३२-गच्या चौकशीचा हवाला होता. कुळाने खरेदी करण्याची इच्छा नाही असा जबाब दिला, सबब खरेदी निष्प्रभ. सगळं नियमाप्रमाणे. मला वाटलं, इथे आजीची बाजू पडली. पैसे नसतील, भीती असेल, पण सासऱ्यांनी स्वतःच नाही म्हटलं होतं. मुलीनेही तसं लिहून टाकलं.

मग जबाबाची नक्कल मिळाली. खाली 'निशाणी डावा अंगठा' असं लिहून सासऱ्यांचं नाव होतं. मुलीने ती आजीला वाचून दाखवली. आजी ऐकत होती, तांदूळ निवडत होती. अंगठा म्हटल्यावर तिचा हात सुपात थांबला.

"आंगठो? खयचो आंगठो? माझे मामंजी सई करीत. चौथी शिकलेले ते. पोथी वाचीत."

आता मुलगी त्यांची सही शोधते आहे. गावच्या सोसायटीच्या जुन्या कर्जरोख्यात असेल, देवळाच्या जमाखर्चाच्या वहीत असेल, नाहीतर शाळेच्या जनरल रजिस्टरात पालक म्हणून केलेली असेल. सही सापडली तरी जबाब खोटा होता असं त्यावरून सिद्ध होणार नाही. सही येणाऱ्या माणसाचाही कचेरीत कारकुनाने घाईत अंगठा घेतलेला असू शकतो. पण प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि तो आजीमुळे निर्माण झाला. सुधारलेला प्रकल्प परवा पुन्हा जमा केला. वडाखालच्या कुणग्याच्या पानावर आधीचं 'सासऱ्यांनी नकार दिला' खोडून तिने लिहिलं आहे, 'कागदावर नकार आहे. नकार कोणी दिला ते अजून तपासायचे आहे. देवळाच्या वह्या ट्रस्टींच्या घरी आहेत, गणपतीनंतर दाखवतो म्हणाले आहेत.'